जरा फिरून येते हं

तुळशीबागेत हे वाक्य दिवसातून किती वेळा बोललं जात असेल, कुणास ठाऊक. बाई वस्तू हातात घेते, उलटसुलट करून बघते, भाव विचारते, मग ती हळूच जागेवर ठेवते आणि म्हणते, ‘जरा फिरून येते हं.’ विक्रेत्याला कळतं की यातल्या बऱ्याचजणी परत येणार नाहीत. तरी तो ‘या, या’ म्हणतो. आणि कधीकधी, ती दहा पावलं गेली की मागून एक हाक येते: ‘ओ ताई, इकडे तर या, देतो काहीतरी कमी करून!’

ही हाक सगळ्यांना मारायची नसते. जी नुसती वेळ घालवत होती तिला मारून उपयोग नाही. जी दोनदा मागे वळून बघते तिला मारायची. फार लवकर मारली तर माल खपत नसावा असं वाटतं, फार उशिरा मारली तर ती पुढच्या गल्लीत घेऊन मोकळी झालेली असते. आणि बोळभर तिच्या मागे जाऊन मारली, तर ती त्या दुकानाकडे पुन्हा फिरकत नाही.

मी अशा हाका लिहिते. पंधरा सेकंदांच्या, उभ्या व्हिडिओच्या. तुम्ही एखाद्या साइटवर काहीतरी कार्टमध्ये टाकता, पैसे न भरता निघून जाता आणि दुसऱ्या दिवशी रील बघताना तीच वस्तू समोर येते. धंद्यात याला रीटार्गेटिंग म्हणतात. तो व्हिडिओ कुणीतरी बसून लिहिलेला असतो. मराठीतले काही मी लिहिलेले आहेत, त्यामुळे तुमच्या चिडचिडीतला थोडा वाटा माझाही असणार.

या धंद्यातली सगळ्यात ठाम गैरसमजूत म्हणजे ‘ग्राहक विसरला’. त्यामुळे निम्म्या जाहिरातींची सुरुवात ‘तुम्ही काही विसरलात का?’ अशी असते. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था ऑनलाइन खरेदीचा अनेक वर्षं अभ्यास करते आहे. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून त्यांनी काढलेली सरासरी अशी, की भरलेल्या दहा कार्टांपैकी साधारण सात तशाच सोडून दिल्या जातात. इतके लोक विसरभोळे नसतात. नुसतं बघायला आलेल्यांना वगळलं, तर त्यांच्या अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये कार्ट सोडण्याचं सर्वात मोठं कारण वर्षानुवर्षं तेच येतं: शेवटच्या पानावर दिसलेला जादा खर्च. डिलिव्हरी, कर, आणखी काही शुल्क. म्हणजे माणूस विसरलेला नसतो. त्याने हिशेब केलेला असतो आणि तो थांबलेला असतो.

गंमत म्हणजे विसरण्याचा प्रश्न संगणकाचा होता, आणि तो कधीच सुटला आहे. वेबच्या सुरुवातीला प्रत्येक पान म्हणजे नवा जन्म. मागच्या पानावर तुम्ही काय निवडलं होतं हे पुढच्या पानाला ठाऊकच नसे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरने ‘कुकी’ तयार केली. निमित्त होतं ऑनलाइन दुकानाच्या कार्टचंच: निवडलेल्या वस्तूंची आठवण दुकानाच्या संगणकावर न ठेवता ग्राहकाच्याच संगणकावर ठेवायची. आज आपल्या मागे लागणारी जाहिरात ही त्याच छोट्या चिठ्ठीची वंशज आहे. यंत्राची आठवण पक्की झाली आणि आपण माणसाला विसराळू म्हणायला लागलो.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. कोल्हापूरकडे बिडाचे तवे आणि कढया ओतणारं एक घरगुती दुकान माझ्याकडे आलं. फाउंड्री मालकाची. ऑर्डरी, पॅकिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची उत्तरं हे सगळं त्यांच्या वहिनी बघतात. मुख्य माल म्हणजे दहा इंची तवा, किंमत १,२९९ रुपये, वजन सव्वादोन किलो. डिलिव्हरीचे १२० रुपये वेगळे, आणि ते अगदी शेवटच्या पानावर, पिनकोड टाकल्यावर दिसायचे. मालकांचं म्हणणं साधं होतं: ‘मॅडम, लोक तवा कार्टात टाकतात आणि पळतात. एक व्हिडिओ करा. दहा टक्के सूट देतो म्हणा, आणि खाली घड्याळ पळवा, दोन तास उरले म्हणून.’

घड्याळाला मी लगेच नाही म्हणाले. दोन तासांनी काहीच संपणार नव्हतं. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. किंमत तुकड्यातुकड्याने, शेवटी शेवटी उघड करणं हाही त्यातला एक. म्हणजे मालकांना हवं असलेलं घड्याळ आणि त्यांच्या साइटवरचं डिलिव्हरीचं लपलेलं शुल्क, दोन्ही त्या यादीच्या अंगणातलेच.

स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी, बाई नेमकी कुठून परत फिरली हे बघावं लागतं. साइटवर मोजणीचा एक छोटा कोड बसवलेला असतो, तो प्रत्येक पायरीची नोंद करतो. मेटाच्या जाहिरात-यंत्रणेत या पायऱ्यांची नावं `AddToCart`, `InitiateCheckout` आणि `Purchase` अशी दिसतात. वस्तू टोपलीत टाकली, पैसे भरायला निघाली, पैसे भरले. या तीन नोंदींमधून थांबलेल्या लोकांचे वेगवेगळे गट निघतात, आणि त्यांना एकच व्हिडिओ दाखवणं म्हणजे तुळशीबागेतल्या सगळ्या गर्दीला एकच हाक मारणं.

पहिला गट नुसता `AddToCart` पाशी थांबलेला. यातल्या पुष्कळजणी कार्ट ही यादी म्हणून वापरतात. तवा, शिवाय आणखी दोन साइटवरचे दोन तवे, पगार झाला की बघू. दुसरा गट पत्ता आणि पिनकोड भरून मग थांबलेला. इथे १२० रुपये दिसलेले असतात. आणि तिसरा गट कमी लोकांचा, पण त्याच्याकडे कुणी बघतच नाही: ज्यांनी पैसे भरायचा प्रयत्न केला आणि यूपीआय अडकलं. काहींच्या खात्यातून रक्कम गेली, ऑर्डर पडली नाही, दोन दिवसांनी पैसे परत आले. या बाईला ‘तुम्ही काही विसरलात का?’ म्हणणारा व्हिडिओ दाखवणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. तिला जाहिरात नको, वहिनींचा एक मेसेज हवा: तुमचे पैसे आमच्याकडे आलेले नाहीत, बँकेकडून परत येतील, तवा हवा असेल तर सांगा. आम्ही त्या गटाला व्हिडिओतून काढूनच टाकलं.

मग मी वहिनींकडे बसून व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने प्रश्न वाचले. माझ्या मते या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि त्याचे कुणी पैसे देत नाही. घेण्याआधी लोक काय विचारतात? इंडक्शनवर चालेल का. घावन चिकटतं का. किती जड आहे, आईला उचलेल का. आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत एकच: वाटेत फुटला तर?

मला हा प्रश्न आधी विचित्र वाटला. लोखंड कसं फुटेल? वहिनींनी समजावलं. बीड जड असलं तरी ठिसूळ असतं. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर चीर जाते किंवा तुकडाच पडतो. ज्या घरात बिडाचा तवा होता, त्या घरातल्या बायकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणजे भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती. आणि दुकान फुटलेला तवा बदलून देतच होतं. फक्त ते साइटवर ‘अटी व शर्ती’ नावाच्या पानात, खालून तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं होतं.

इथे माझी स्क्रिप्ट अर्धी झाली. आठवण करून द्यायची ती तव्याची नाही, तव्याबद्दलच्या त्या अनुत्तरित प्रश्नाची.

पहिल्या ओळीवर मात्र बराच वेळ गेला. ‘तुम्ही तवा विसरलात’ मध्ये बोट रोखलेलं आहे. ‘तुमचा तवा तुमची वाट बघतोय’ हे मला सहनच होत नाही. तवा कुणाची वाट बघत नाही. माझ्या डोक्यात साडीच्या दुकानातलं वाक्य घोळत होतं: ‘ताई, बाजूला काढून ठेवलीय.’ त्यात आपलेपणा आहे, आणि दुकानदाराने आपल्यासाठी काहीतरी केलंय ही भावना आहे. पण साइट कार्टमधला माल कुणासाठीच राखून ठेवत नव्हती. साडीच्या दुकानात खरोखर एक कप्पा असतो, इथे तो नव्हता. मग ते वाक्य कितीही गोड असलं तरी घड्याळाचाच भाऊ. ते काढलं. शेवटी जे उरलं ते कोरडं होतं आणि खरं होतं. ‘तवा कार्टमध्ये आहे अजून.’

पहिल्या दोन दिवसांसाठीचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ असा लिहिला.

० ते ३ सेकंद. जवळून तवा, त्यावर घावन. उलथनं कडेखाली जातं आणि घावन अलगद सुटतं. पडद्यावर: ‘तवा कार्टमध्ये आहे अजून.’

३ ते ९ सेकंद. वहिनींचे हात. तवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून खोक्यात बसवतात, चारी कोपऱ्यांत कागदाचे बोळे दाबतात, खोकं हलवून बघतात. आवाज वहिनींचाच: ‘बीड वाटेत फुटेल का, असं सगळे विचारतात. आम्ही असं बांधतो. तरी फुटलाच, तर फोटो पाठवा, दुसरा देतो.’

९ ते १३ सेकंद. तवा इंडक्शनवर, मग गॅसवर. पडद्यावर: ‘दोन्हीवर चालतो. वजन सव्वादोन किलो.’

१३ ते १५ सेकंद. पडद्यावर: ‘घाई नाही. बघा सावकाश.’ खाली कार्टचं बटण, जे थेट तिच्या भरलेल्या कार्टवरच जातं. दुकानाच्या पहिल्या पानावर नाही. हे बटण चुकीच्या पानावर गेलं की बाकीचं सगळं लेखन फुकट.

यात सूट नाही. मालकांना ते पटलं नव्हतं. ‘घाई नाही’ वर तर ते चक्क हसले.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकते. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे वहिनींचं प्रत्येक वाक्य पडद्यावर लिहिलेलंही हवं. आणि ते अगदी तळाला नको, कारण तिथे ॲपची स्वतःची बटणं आणि नावं येतात. दुसरं, एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मोडते. ‘कुरिअर’ मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते. एडिटर मराठी असेल तरी तयार व्हिडिओ फोनवर एकदा वाचून बघावाच. जिथे भाषाच तुटलीय तिथे १,२९९ रुपये कोण भरेल?

आता सुटीचा हिशेब. मालकांचे दहा टक्के म्हणजे १३० रुपये. डिलिव्हरी माफ करायची तर १२० रुपये. दुकानाच्या खिशाला जवळपास सारखंच. पण ग्राहकाच्या मनात हे दोन वेगळे कप्पे आहेत. १,२९९ हा आकडा तिने कार्टमध्ये टाकतानाच मान्य केला होता. तो कमी केला तर ‘म्हणजे आधी जास्तच लावला होता’ असा संशय येतो आणि पूर्ण किमतीला घेतलेल्या तिच्या मैत्रिणीला वाईट वाटतं. तिला टोचले होते ते १२० रुपये. जिथे काटा आहे तिथेच हात घालायचा.

तरी ही माफी पहिल्याच दिवशी का द्यायची नाही, हे मालकांना मी कागदावर मांडून दाखवलं. समजा, शंभरजणी कार्ट सोडून गेल्या. काहीही न करता त्यातल्या आठजणी स्वतःहून परत येतात; पगार झाला, नवऱ्याशी बोलणं झालं, दुसरीकडचा तवा बघून झाला. समजा, जाहिरात आणि माफी दोन्ही दिल्यावर बाराजणी येतात. रिपोर्टमध्ये बारा दिसतील आणि सगळे खूश होतील. पण व्हिडिओने आणलेल्या फक्त चार. माफी मात्र बाराही जणींना दिली: बारा गुणिले १२०, म्हणजे १,४४० रुपये. चार जादा तव्यांवर वाटले तर एकेका तव्याला ३६० रुपये. एका तव्यामागे मालकांना सुटतात साधारण ४००. उरले चाळीस, आणि जाहिरातीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

आता माफी तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. स्वतःहून येणाऱ्या आठपैकी समजा सहा पहिल्या दोन दिवसांतच पूर्ण किमतीला आल्या. माफी मिळेल ती उरलेल्या दोघींना आणि त्या चौघींना, म्हणजे ७२० रुपये. चार तव्यांवर वाटले तर प्रत्येकी १८०. तेवढ्याच विक्रीत खर्च निम्मा. यातली आठ, बारा, सहा ही संख्या मी समजावण्यासाठी धरलेली आहे. आपल्या दुकानातली खरी संख्या काढायची तर थांबलेल्या लोकांपैकी एक भाग मुद्दाम जाहिरातीबाहेर ठेवावा लागतो आणि त्यातल्या किती आपल्या आपण परत येतात ते बघावं लागतं. छोट्या दुकानाकडे लोकच कमी असतात, त्यामुळे एका आठवड्यात काही कळत नाही. तिथे दोन-तीन महिने धीर धरायचा किंवा निदान रिपोर्टमधल्या बारावर उड्या मारायच्या नाहीत.

एक धोका आणखी आहे. दर वेळी पहिल्याच दिवशी बक्षीस मिळतंय हे कळलं की लोक मुद्दाम कार्ट सोडून जातात. तुळशीबागेत दहा पावलं चालून दाखवणाऱ्या बायका काय कमी आहेत? आपणच त्यांना शिकवतो.

तिसऱ्या दिवसापासूनचा व्हिडिओ दहाच सेकंदांचा, आणि फक्त पिनकोडपर्यंत जाऊन थांबलेल्यांसाठी. यादी म्हणून कार्ट वापरणाऱ्यांना तो दाखवला नाही. वहिनी खोक्यावर पत्ता चिकटवतात. आवाज: ‘तवा जड, त्यामुळे कुरिअर महाग पडतं, खरंय. आधीच यूपीआयने पैसे भरलेत, तर कुरिअरचे १२० आम्ही भरतो.’ पडद्यावर तेवढंच, आणि कार्टचं बटण. त्या बटणातच माफी बसवलेली, कोड टाइप करायला नको. कारण पैसे भरायच्या पानावर ‘कूपन कोड’ असा रिकामा चौकोन दिसला की माणूस कोड शोधायला बाहेर जातो, आणि बाहेर गेलेला माणूस फार वेळा परत येत नाही.

यूपीआयची अट कंजूषपणाची वाटेल, पण तिच्यामागे सव्वादोन किलो आहेत. घरपोच रोख रकमेची ऑर्डर दारातून परत गेली, तर कुरिअरवाला जातानाचे घेतो आणि येतानाचेही. हलक्या कुर्त्यात ते खपून जातं. तव्यात एक परत आलेला पार्सल पुढच्या विक्रीची कमाई खातो. रोख द्यायची सोय होतीच, फक्त तिथे माफी नव्हती.

सातव्या दिवशी सगळं बंद. यंत्रणा माणसाला १८० दिवसांपर्यंत यादीत ठेवू देते, पण सहा महिने तव्याचा विचार कुणी करत नाही. शिवाय आपल्याकडे फोन एकट्याचा असतोच असं नाही. सासूसाठी वाढदिवसाला म्हणून बघितलेला तवा, सासूच नातवाला रील दाखवताना रोज बघायची, हे वहिनींना एका ग्राहकाने खरंच कळवलं होतं. तव्यावर हसता येतं. हीच पद्धत औषधांना किंवा प्रेग्नन्सी टेस्ट किटला लावली तर घरात काय होईल याचा विचार करा. अशा वस्तूंसाठी हा व्हिडिओ मी लिहीत नाही.

या सगळ्यात सर्वाधिक फरक पडला तो व्हिडिओ सोडून केलेल्या एका बदलाने. डिलिव्हरीचे १२० आणि ‘फुटल्यास बदलून’ हे दोन्ही तव्याच्या पानावर, किमतीच्या खालीच लिहिलं. पिनकोडच्या पानावरून परत फिरणाऱ्यांचा गटच लहान झाला. माझ्या दुसऱ्या व्हिडिओला प्रेक्षक कमी झाले, आणि मालकांनी मला विचारलं की मग याचे पैसे अर्धे करायचे का. मी नाही म्हणाले.

एक गोष्ट मात्र कोडने सुटली नाही. काही बायका साइटवर तवा कार्टमध्ये टाकतात, मग वहिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न विचारतात आणि तिथेच ऑर्डर देऊन पैसे पाठवतात. साइटच्या दृष्टीने त्यांची `Purchase` ही नोंद झालीच नाही, त्यामुळे व्हिडिओ त्यांच्या मागे फिरत राहतो. सांगलीहून एकीचा मेसेज आला: ‘ताई, तवा आला, घावनं झाली, आज आंबोळ्या पण झाल्या. आता तुम्ही ते खोकं बांधायचं कधी थांबवणार?’ तेव्हापासून वहिनी रोज रात्री नऊ वाजता, दुकानाचा हिशेब मिटवला की, त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तवा घेतलेल्यांचे नंबर वगळायच्या यादीत घालतात. रविवारीसुद्धा.